31 मार्चला शून्य असलेले एमडींचे खाते: कर्ज, कमिशन आणि ठराव एकत्र कसे तपासावेत

प्रश्न: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पब्लिक कंपनीचं (शेअर बाजारात नोंद नसलेली) ऑडिट पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. एमडींच्या खात्याला वर्षभर उचल दिसते, पण 31 मार्चला बाकी शून्य. पगार-कमिशन 10 टक्क्यांच्या आत आहे, असं अकाउंटंट सांगतात आणि सभेच्या ठरावाची प्रत दाखवतात. एवढ्यावर थांबलं तर चालेल का? नाहीतर नेमकं काय पाहू?

उत्तर:

थांबू नका. बाकी शून्य कशाने झाली, हे आधी शोधा. बँकेत पैसे परत आले असतील तर प्रकरण वेगळे, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी कमिशनची जमा नोंद टाकून झाली असेल तर वेगळे. दुसऱ्या प्रकारात कर्जाचा प्रश्न आणि मानधनाचा प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. कमिशन मर्यादेबाहेरचे ठरले की जमा नोंद उलटते आणि उचल पुन्हा उघडी पडते. म्हणून या दोन गोष्टींच्या दोन फाइली करू नका. दोन वेगळ्या आर्टिकलना वाटून दिल्या, तर एक जण म्हणतो बाकी नाही आणि दुसरा म्हणतो ठराव आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि चूक तशीच निसटते.

खाली समजायला सोपे जावे म्हणून आकडे मी धरले आहेत. तुमच्या कंपनीचे घालून पाहा. वर्ष 2024-25. एमडींना एकूण 96 लाख: पगार 54 लाख, कंपनीचा पीएफ वाटा 6 लाख, कमिशन 36 लाख. पूर्णवेळ संचालकांना 48 लाख. दोघांचे मिळून 144 लाख. एमडींच्या खात्यात जूनमध्ये 9 लाख, सप्टेंबरमध्ये 8 लाख आणि डिसेंबरमध्ये 7 लाख अशी 24 लाखांची उचल. 31 मार्चला 36 लाख कमिशन जमा, त्यातून 12 लाख कर वजा, उरलेल्या 24 लाखांत उचल फिटली. बाकी शून्य.

आधी नफा. अकाउंटंटचे 10 टक्के बहुधा असे आलेले असतात: करपूर्व नफा 1300 लाख, त्यात संचालकांचे 144 लाख परत मिळवले, झाले 1444. त्याचे 10 टक्के 144.4 लाख, दिले 144 लाख. आकडा इतका काठावर बसलेला दिसला की कमिशन आधी ठरले नसून मर्यादेवरून मागे मोजत आणले आहे, हे ओळखावे. तो काही गुन्हा नाही. मात्र मर्यादाच चुकीची मोजली असेल तर सगळेच कोसळते.

मानधनाच्या मर्यादेसाठीचा नफा म्हणजे नफातोटा पत्रकातला नफा नव्हे. तो कंपनी कायदा, 2013 च्या कलम 198 प्रमाणे नव्याने मांडायचा असतो. संचालकांचे मानधन परत मिळवायचे, हे अकाउंटंटने बरोबर केले, कारण कलम 197 तेच सांगते. पण दोन ठिकाणी लक्ष गेले नाही. पहिले, कंपनीने पेडण्याची जमीन 970 लाखांना विकली, मूळ किंमत 61 लाख. मोपा विमानतळानंतर त्या बाजूच्या जमिनींचे असे व्यवहार गोव्यातल्या जुन्या कंपन्यांच्या वह्यांत दिसू लागले आहेत. हा 909 लाखांचा फायदा भांडवली आहे. जमीनखरेदी-विक्री हा कंपनीचा धंदा नसेल तर तो कलम 198 च्या नफ्यात धरता येत नाही. यंत्रासारखी घसारा लागणारी मालमत्ता विकली असती तर घसरलेल्या किमतीपासून मूळ किमतीपर्यंतचा फायदा धरता आला असता. जमिनीला घसाराच नसतो, म्हणून तिथे धरण्यासारखे काहीच उरत नाही. दुसरे, बुडीत होण्याची शक्यता असलेल्या येण्यांसाठी केलेली 65 लाखांची तरतूद. कलम 198 फक्त प्रत्यक्ष बुडीत म्हणून लिहून टाकलेली रक्कम वजा करू देते, नुसती तरतूद नाही. म्हणून हे 65 लाख परत मिळवायचे.

1444 अधिक 65 वजा 909, म्हणजे 600 लाख. एकापेक्षा जास्त व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असल्याने दोघांना मिळून 10 टक्के, म्हणजे 60 लाख. सर्व संचालक धरून 11 टक्के, म्हणजे 66 लाख. दिले आहेत 144 लाख. जाता जाता मागच्या वर्षांचे कलम 198 चे तक्तेही मागून घ्या. कोरोनाच्या वर्षातला तोटा त्या कलमाप्रमाणे मोजून नंतरच्या नफ्यातून वजा झाला आहे का, हे ताळेबंदावरून कळत नाही, तक्त्यांवरूनच कळते. आपल्या उदाहरणात तो फिटला आहे असे धरू.

याचा अर्थ नफा अपुरा आहे, आणि आता अनुसूची 5 चा दरवाजा उघडतो. तिथे मर्यादा टक्क्यांत नसते, प्रभावी भांडवलाच्या टप्प्यांत असते, आणि ती दर व्यक्तीमागे असते. 5 कोटींपेक्षा कमी असेल तर वर्षाला 60 लाख, 5 ते 100 कोटींच्या दरम्यान 84 लाख, 100 ते 250 कोटींच्या दरम्यान 120 लाख. त्यापुढे 120 लाख अधिक 250 कोटींवरच्या रकमेच्या 0.01 टक्के.

प्रभावी भांडवल कोणत्या तारखेचे, इथेच बरेच जण घसरतात. चालू वर्षाचे किंवा गेल्या वर्षाचे नव्हे. नेमणूक ज्या आर्थिक वर्षात झाली, त्याच्या आधीच्या वर्षाच्या शेवटच्या दिवसाचे. एमडींची नेमणूक 1 ऑक्टोबर 2022 ची असेल, तर 31 मार्च 2022 चा ताळेबंद काढा. भागभांडवल 300 लाख, शेअर प्रीमियम 200 लाख, राखीव निधी 1600 लाख, एक वर्षापुढे फेडायचे मुदतकर्ज 400 लाख, कॅश क्रेडिट 650 लाख, दुसऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक 1350 लाख. राखीव निधीतले 700 लाख इमारतीच्या पुनर्मूल्यांकनाचे आहेत, ते वगळायचे. कॅश क्रेडिट खेळत्या भांडवलाचे, तेही वगळायचे. गुंतवणूक वजा करायची. 300 अधिक 200 अधिक 900 अधिक 400 वजा 1350, उरले 450 लाख, म्हणजे साडेचार कोटी. मर्यादा 60 लाख. पुनर्मूल्यांकन वगळायचे राहिले असते तर साडेअकरा कोटी दिसले असते आणि 84 लाखांच्या टप्प्यावर आपण निवांत बसलो असतो.

एमडींचे 96 लाख या 60 लाखांशी ताडताना कंपनीचा पीएफ वाटा, करपात्र नसेल तेवढा, बाहेर ठेवता येतो. ठरावीक मर्यादेतली ग्रॅच्युइटी आणि कार्यकाळ संपताना मिळणारे रजेचे पैसेही. ही सवलत अपुऱ्या नफ्याच्या मर्यादेपुरतीच आहे. नफा पुरेसा असताना टक्केवारीची मर्यादा मोजायची असेल तर पीएफ आत येतो. आपल्याकडे 96 वजा 6, उरले 90. जास्तीचे 30 लाख. पूर्णवेळ संचालकांचे 48 लाख मर्यादेच्या आत आहेत, फक्त त्यांचा ठराव नीट असायला हवा.

आता तो ठराव हातात घ्या, आणि ठराव झाला आहे की नाही यापेक्षा तो काय म्हणतो ते वाचा. मी आधी हिशेब आणि मग ठराव, याच क्रमाने जातो, कारण ठरावातल्या कोणत्या शब्दांवर आपली भिस्त आहे हे हिशेबाशिवाय कळत नाही. आपल्याला चार गोष्टी हव्यात. अपुऱ्या किंवा नसलेल्या नफ्याच्या वर्षात किमान मानधन म्हणून काय द्यायचे, हे त्यात लिहिलेले आहे का? ते अनुसूची 5 च्या मर्यादेतले असेल तर साधारण ठराव पुरतो, मर्यादेबाहेरचे असेल तर विशेष ठराव लागतो. मग ठराव कोणत्या प्रकारचा आहे? मंजुरी तीन वर्षांपेक्षा जास्त काळाची नाही ना? आणि सभेच्या नोटिशीसोबत अनुसूची 5 चे माहितीपत्रक, म्हणजे कंपनीची माहिती, व्यक्तीची माहिती, नफा अपुरा का आणि त्यावर उपाय काय, हे गेले होते का? नेमणूक पाच वर्षांची असते, म्हणून मानधनही पाच वर्षे मंजूर, असे समजणारे पुष्कळ आहेत. नेमणूक पाच वर्षे चालते, अपुऱ्या नफ्यातल्या मानधनाची मंजुरी तीनच वर्षे.

धरा की 2022 च्या सभेत साधारण ठराव झाला: पगार महिना साडेचार लाख, पीएफ, आणि ‘कलम 197 च्या मर्यादेत राहून संचालक मंडळ ठरवील ते कमिशन’. माहितीपत्रकही जोडले होते. तर एमडींना 60 लाखांपर्यंत आधार आहे, त्यापुढे नाही. ‘मंडळ ठरवील ते’ या शब्दांनी मंडळाला मर्यादा ओलांडायचा अधिकार मिळत नाही. बँकेचे कर्ज थकले असेल तर सभेच्या मंजुरीआधी बँकेची परवानगीही लागते, म्हणून बँकेच्या पत्रव्यवहाराची फाइल चाळा. खाते एनपीए होण्याची वाट पाहायची गरज नाही, थकलेला हप्ताही पुरे.

ठरावाची प्रत अकाउंटंटकडून घेऊन भागत नाही. मूळ कार्यवृत्त पुस्तक पाहा, पाने सलग क्रमांकाची आहेत का आणि नोंद सभेनंतर 30 दिवसांत झाली आहे का ते पाहा. मग कॉर्पोरेट कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवरून कंपनीची दाखल कागदपत्रे स्वतः उतरवून घ्या. नेमणुकीचा एमआर-1 नेमणुकीपासून 60 दिवसांत, विशेष ठरावाचा एमजीटी-14 ठरावापासून 30 दिवसांत. पणजीच्या कंपनी निबंधकांकडे दाखल झालेली प्रत आणि पुस्तकातली प्रत शब्दाशब्दाने जुळवा. ‘साधारण’ चे ‘विशेष’ मागाहून झालेले असेल तर ते इथेच दिसते. कंपनी म्हणाली की कमिशन डिसेंबरमध्येच ठरले होते, तर सॉफ्टवेअरचा ऑडिट ट्रेल उघडा. 1 एप्रिल 2023 पासून तो कंपन्यांना सक्तीचा आहे, आणि 31 मार्चची तारीख घातलेले व्हाउचर प्रत्यक्षात मे महिन्यात कोणी टाकले, हे त्यात उमटते.

आता उचल. पब्लिक कंपनीला आपल्या संचालकाला, त्याच्या भागीदाराला किंवा नातेवाइकाला, किंवा ते भागीदार असलेल्या फर्मला कर्ज देता येत नाही, हमी देता येत नाही, तारण देता येत नाही. कलम 185 ची ही बंदी सरसकट आहे. व्याज लावले, मंडळाचा ठराव केला, विशेष ठराव केला, तरी ती उठत नाही. विशेष ठरावाची वाट आहे ती संचालकाचा हितसंबंध असलेल्या कंपन्यांसाठी, उदाहरणार्थ तो संचालक किंवा भागधारक असलेली एखादी प्रायव्हेट कंपनी. तिथेही पैसा त्या कंपनीच्या मुख्य व्यवसायातच वापरला जायला हवा. एमडींसाठी दोनच फटी आहेत: कंपनीच्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या सेवाशर्तींतले कर्ज, किंवा भागधारकांनी विशेष ठरावाने मंजूर केलेल्या योजनेतले कर्ज. ‘सर्व कर्मचारी’ असे लिहून पात्रता फक्त जनरल मॅनेजरच्या वरच्या पदांना ठेवलेली असेल, तर ती सर्वांसाठीची योजना नव्हे. मशीनवरच्या कामगाराला त्याच नियमाने कर्ज मिळाल्याचे एखादे प्रकरण दाखवा म्हणावे.

इथे कंपनी सहसा म्हणते, ‘कर्ज कुठले, ती कमिशनपोटी आगाऊ उचल होती.’ या उत्तराला एक कसोटी लावा. जूनमध्ये 9 लाख दिले, तेव्हा कमिशन ठरले होते का? ते नफ्यावर अवलंबून आहे आणि नफा वर्ष संपल्यावर कळतो. जे देणेच नव्हते, त्यापोटी आगाऊ कसले? पुढच्या महिन्याच्या पगारातून कापली जाणारी, इतरांनाही मिळते तशी पगाराची उचल निराळी. तीन हप्त्यांत 24 लाख, परतफेडीची तारीख नाही, आणि बँक स्टेटमेंटवर रक्कम एमडींच्या घरबांधणीच्या कंत्राटदाराकडे गेलेली. हे कर्जच.

उचल नेहमी एमडींच्या नावाच्या खात्यातच असेल असेही नाही. प्रवास उचल, इम्प्रेस्ट, कंपनीच्या क्रेडिट कार्डाची बिले, आणि आपल्याकडे विशेषतः ‘जमीन खरेदी आगाऊ’ ही खाती उघडा. जमीन आगाऊ दोन-दोन वर्षे तशीच पडून असेल तर करारनामा मागा आणि त्या सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा काढा. त्यावर कंपनीऐवजी एमडींचे किंवा पत्नीचे नाव चढलेले असेल, तर कंपनीच्या पैशाने कोणाची जमीन झाली हे निराळे सांगायला नको. बँकेकडून थेट मागवलेल्या पुष्टीपत्रात ठेवींवरच्या बोज्याचा रकाना वाचा. कंपनीची मुदतठेव एमडींच्या वैयक्तिक कर्जाला तारण असेल तर ती कर्जाच्या खात्यात कधीच दिसत नाही.

गोव्यातली म्हणून एक गोष्ट. इथल्या पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 5अ प्रमाणे काही उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. त्याचा आधार घेऊन कमिशनचा अर्धा भाग थेट पत्नीच्या खात्यात पाठवलेला असू शकतो. पण ते कलम पगाराच्या उत्पन्नाला लागू नाही, आणि एमडींना नोकरीच्या नात्याने मिळणारे कमिशन पगारातच येते. त्यामुळे मानधनाची बेरीज करताना पत्नीच्या खात्यातली रक्कमही एमडींचीच धरायची. पत्नी नातेवाईक असल्याने तिला कर्ज देणेही निषिद्धच आहे.

मग दोन्ही हिशेब एकत्र मांडा. एमडींना 60 लाखांत बसणारे कमिशन 6 लाख (54 अधिक 6). त्यावरचा कर 2 लाख धरला तर हातात 4 लाख. उचल 24 लाख. खाते 20 लाखांनी नावे. 36 लाखांवरचा 12 लाख कर सरकारजमा झाला असेल, तर त्यातले जास्तीचे 10 लाखही कंपनीने एमडींच्या वतीने भरले. एकूण 30 लाख येणे. शून्य बाकीचे खाते असे 30 लाखांवर येऊन थांबते, आणि जास्तीच्या मानधनाच्या आकड्याशी ते जुळते. नाही जुळले तर कुठेतरी नोंद सुटली आहे.

हिशेब अजून मंजूर झाले नसतील तर कंपनीला दुरुस्ती करायला सांगा: जास्तीचे 30 लाख खर्चातून काढून एमडींकडून येणे म्हणून दाखवा. कलम 197 प्रमाणे ही रक्कम एमडींनी दोन वर्षांत, किंवा कंपनी ठरवील त्याहून कमी मुदतीत, परत करायची असते. तोवर ते ती कंपनीचे विश्वस्त म्हणून सांभाळत असतात. वसुली माफ करायची तर रक्कम परत करण्याजोगी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत विशेष ठराव लागतो, आणि कर्ज थकीत असेल तर बँकेची पूर्वपरवानगीही. मंडळाने आपसात माफ केले तर ते माफ झाले असे धरू नका.

माफीच्या ठरावाने मानधनाचा प्रश्न सुटतो, उचलीचा सुटत नाही. जून ते मार्च संचालकाला कर्ज दिले गेले, ही घटना कशानेही पुसली जात नाही, पैसे व्याजासकट परत आले तरीही. त्यासाठी कंपनीला 5 ते 25 लाख दंड आहे. जबाबदार अधिकाऱ्यांना आणि कर्ज घेणाऱ्यालाही तितकाच दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे तडजोडीचा अर्ज करायचा की नाही हे कंपनीने तिच्या वकिलाशी ठरवावे. तुमचे काम अहवालात लिहिणे.

अहवालात दोन जागा आहेत आणि दोन्हीकडे आकडे घाला. कलम 197 खालच्या विधानात: ‘व्यवस्थापकीय संचालकांना दिलेले मानधन अनुसूची 5 सह वाचलेल्या कलम 197 च्या मर्यादेपेक्षा 30 लाख रुपयांनी जास्त आहे. कंपनीने ही रक्कम त्यांच्याकडून येणे म्हणून दाखवली आहे.’ कारो 2020 च्या चौथ्या खंडात: ‘वर्षभरात व्यवस्थापकीय संचालकांना 24 लाख रुपयांचे कर्ज देण्यात आले, ते कलम 185 शी विसंगत आहे.’ त्याच कारोचा तिसरा खंड वर्षभरात दिलेली रक्कम आणि वर्षअखेरची बाकी अशा दोन्ही विचारतो, म्हणून बाकी शून्य आहे या सबबीवर तिथेही गप्प राहता येत नाही. संबंधित पक्षांच्या टिपेतले आकडेही याच रकमांशी जुळायला हवेत. ‘काही बाबी वगळता पालन झाले आहे’ असले गुळमुळीत वाक्य लिहू नका.

हीच पद्धत प्रायव्हेट कंपनीला जशीच्या तशी लावू नका. कलम 197 ची मर्यादा तिला नाही. कलम 185 मधून सूट मिळते, पण अटी सगळ्या पुऱ्या व्हायला हव्यात: भांडवलात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा पैसा नको, बँका, वित्तसंस्था व इतर कंपन्यांकडून घेतलेले कर्ज भरणा झालेल्या भागभांडवलाच्या दुप्पट किंवा 50 कोटी यांतल्या कमी आकड्याच्या आत हवे, त्याची परतफेड थकलेली नको, आणि वार्षिक हिशेब व विवरणपत्र निबंधकांकडे भरलेले हवे. आपल्याकडच्या घरगुती कंपन्या बहुतेक वेळा दुप्पटीच्या अटीवर अडकतात, कारण भागभांडवल एक लाखाचे असते आणि कॅश क्रेडिट कोटीचे. प्रायव्हेट कंपनी एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल तर ती पब्लिकच धरली जाते.

तुमच्या कंपनीत नेमणूक 1 ऑक्टोबर 2022 च्या आसपासची निघाली, तर व्यवस्थापनाला द्यायच्या पत्रात आणखी एक ओळ लिहा. अपुऱ्या नफ्यातल्या मानधनाची मंजुरी 30 सप्टेंबर 2025 ला संपते. त्याआधी नवा ठराव झाला नसेल, तर 2025-26 च्या दुसऱ्या सहामाहीत पूर्णवेळ संचालकांच्या 48 लाखांच्या पगारालाही अनुसूची 5 चा आधार उरत नाही.